कोरलेला नंबर वाचायचा तर दिवा आडवा धरा

मोटर, पंप, कंप्रेसर यांच्या अंगावर धातूची एक छोटी पाटी असते. सुटा भाग मागवताना तिच्यावरचा सिरियल नंबर विचारतात आणि नेमका तोच वाचता येत नाही. मग जो तो मोबाइलचा फ्लॅश लावतो. फोटोत मधोमध पांढरा डाग येतो आणि नंबर आणखीच हरवतो.

यामागे एक पक्का समज आहे: दिसत नाही म्हणजे उजेड कमी पडतोय. शाईने छापलेल्या अक्षराबाबत ते खरं आहे, कारण शाई आणि कागद यांचे रंगच वेगळे असतात. कोरलेलं किंवा उठावाचं अक्षर मात्र पाटीच्याच रंगाचं असतं. फरक असतो फक्त उंचीचा, आणि समोरून पाहताना उंची कळते ती सावलीमुळे आणि चमकेमुळे. फ्लॅश लेन्सला खेटून असल्याने त्याने पाडलेली सावली अक्षराच्या कडेआडच लपते. शिवाय गुळगुळीत पाटी त्याचा उजेड आरशासारखा थेट लेन्समध्ये परतवते.

आता कॅमेरा पाटीच्या अगदी समोर ठेवा, फ्लॅश बंद करा आणि वेगळी टॉर्च पाटीच्या बाजूला, जवळजवळ तिच्या पातळीत आणा. समजा अक्षर 0.2 मिलिमीटर खोल आहे आणि त्याची रेघ 0.5 मिलिमीटर रुंद. टॉर्च पाटीशी 45 अंशांत असेल तर खाचेत 0.2 मिलिमीटर सावली पडते, म्हणजे निम्मी रेघही झाकत नाही. टॉर्च 15 अंशांवर आणली की सावली 0.75 मिलिमीटर होते आणि खाचेचा तळ पूर्ण काळा पडतो. उठावाच्या अक्षरांना मात्र इतका कमी कोन चालत नाही. त्यांची सावली बाहेर पडते, शेजारच्या अक्षरावर जाते आणि 8 ची भोकंही बुजवते. तिथे 30 अंशांच्या आसपास थांबावं.

मला यातली सगळ्यात सुंदर वाटते ती गोष्ट पुढे आहे. आरशाच्या नियमाने 15 अंशांत आलेला उजेड सपाट पाटीवरून पलीकडे 15 अंशांतच निघून जातो. समोरच्या कॅमेऱ्यापर्यंत तो पोचतच नाही, म्हणून चकाकणारी पाटी फोटोत काळी दिसते. खाचेची पलीकडची भिंत मात्र टॉर्चकडे तोंड करून असते. तिचा जो भाग पाटीशी साडेसदतीस अंशांनी कललेला असेल, तो उजेड अचूक कॅमेऱ्याकडे वळवतो, कारण 15 आणि 90 यांच्यातला फरक 75 अंश आणि आरसा त्याच्या निम्म्याने कलावा लागतो. पण खाच आपल्याला हव्या त्या कोनात कोरली असेल कशावरून? तशी ती नसली तरी बहुधा अडत नाही. झिजलेली कड गोलसर असते आणि गोल कडेवर सपाटपासून उभ्यापर्यंत मधले सगळे उतार येतातच. त्यातला एक बारीक पट्टा योग्य उताराचा निघतो आणि काळ्या पाटीवर अक्षराची कड उजळ रेघेसारखी उमटते. ज्या चकाकीने नंबर लपवला होता, तीच आता तो दाखवते.

एकाच दिशेने पाहून मात्र फसगत होते. टॉर्च डावीकडे असेल तर उजेडाला समांतर असलेल्या आडव्या रेघांना ना सावली, ना चमक. E, F आणि L तिघेही I सारखे दिसतात आणि 8 चा मधला भाग पुसट होऊन 0 वाटतो. टॉर्च वरच्या बाजूला नेली की आडव्या रेघा येतात आणि उभ्या जातात. म्हणून 8 की 0 हे वरच्या उजेडात ठरवावं आणि 8 की 3 हे डावीकडच्या उजेडात, कारण तिथे प्रश्न डाव्या कडेचा असतो. कॅमेरा न हलवता चारही बाजूंनी फोटो घेऊन एकत्र पाहिले तर शंका उरत नाही. याच कल्पनेचा विस्तार करून टॉम माल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये अनेक दिशांच्या उजेडातल्या फोटोंपासून पृष्ठभाग जिवंत करण्याची पद्धत मांडली. 2005 मध्ये तिने अँटिकिथेरा या प्राचीन ग्रीक यंत्रावरची झिजलेली अक्षरं वाचायला मदत केली.

ऊन असेल तर आधी पाटीवर हाताची किंवा कापडाची सावली धरा, नाहीतर बाहेरचा उजेड टॉर्चने पाडलेल्या सावल्या भरून काढतो. पोलरायझर फिल्टर काचेवरची किंवा वार्निशवरची चकाकी कापतो, पण उघड्या धातूवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. फोटो ‘स्पष्ट’ करून देण्याचा दावा करणाऱ्या अ‍ॅपवर तर अजिबात विसंबू नका. पांढऱ्या डागाखाली अक्षराची नोंदच झालेली नसते. तिथे अ‍ॅप जे काढतं तो अंदाज असतो, आणि सिरियल नंबरमध्ये अंदाजाने आलेला एक आकडा चुकीचा भाग घरी आणतो.

खाचेत रंग किंवा गंज पाटीच्या पातळीपर्यंत भरला असेल, तर उंचीचा फरकच उरत नाही आणि कोणताही कोन कामाचा नाही. तिथे आधी मऊ ब्रशने खाच साफ करावी लागते. तारेचा ब्रश वापरू नये, कारण त्याचे ओरखडेही आडव्या उजेडात अक्षरांसारखेच चमकतात.