अपलोड वेळापत्रक (एकहाती चॅनेल)

लेखन, चित्रीकरण, संपादन ही सारी कामे एकच व्यक्ती करते अशा यूट्यूब चॅनेलवर वर्षभरात किती व्हिडिओ, कोणत्या तारखांना टाकायचे याची आखणी.

‘दर आठवड्याला एक, ठरल्या वारी’ हा दंडक कुठून आला याविषयी एकमत नाही. काही जण तो दूरचित्रवाणीच्या साप्ताहिक मालिकांचा वारसा मानतात. इतरांच्या मते, २०१२ मध्ये यूट्यूबने शिफारशींसाठी व्ह्यूजपेक्षा पाहण्याच्या कालावधीला अधिक वजन दिले, तेव्हापासून तो रुजला. पहिले मत अधिक पटते, कारण कालावधीच्या निकषाचा वाराशी संबंध नाही. मालिकेमागे मात्र अख्खे पथक राबते, हे दंडक उचलताना विसरले गेले. कमाई चालू ठेवण्याच्या धोरणातील मर्यादा तर याहून बरीच सैल आहे : सहा महिने किंवा अधिक काळ व्हिडिओ वा कम्युनिटी पोस्ट नसल्यास कमाई बंद होऊ शकते.

आखणी उपलब्ध तासांवरून करावी. नोकरी सांभाळून पाककृतींचे चॅनेल चालवणाऱ्याला आठवड्याला १२ तास मिळतात असे धरू. सणवार, आजारपण, प्रवास यांचे सहा आठवडे वजा केले की ४६ आठवड्यांचे ५५२ तास उरतात. दहा मिनिटांच्या व्हिडिओला तयारीचे २, चित्रीकरणाचे ४, संपादनाचे ६ आणि थंबनेल-शीर्षकाचे २, असे १४ तास लागतात. साप्ताहिक ५२ व्हिडिओंना ७२८ तास हवेत. ते जमणार नाही. पंधरवड्याला एक धरल्यास २६ व्हिडिओंना ३६४ तास पुरतात. उरलेले १८८ तास मोकळे समजू नयेत. पुनर्चित्रीकरण आणि कॉमेंटची उत्तरे त्यातूनच निघतात. उकडीच्या मोदकांची उकड गार झाली की पारीला भेगा पडतात. कळी पाडतानाचा शॉट हुकला तर उकड नव्याने काढावी लागते.

पहिल्या व्हिडिओच्या तासांवरून हिशेब करू नये. तिसऱ्या ते पाचव्या व्हिडिओची सरासरी विश्वासार्ह ठरते.

सुरुवातीआधी चार व्हिडिओ पूर्ण करून ठेवावेत. पंधरवडी वेळापत्रकात ती दोन महिन्यांची शिल्लक होते. शिल्लक दोन व्हिडिओंवर आली की पुढचे दोन विषय सोपे, घरातच चित्रित होणारे घ्यावेत. प्रसिद्धीच्या आदल्या रात्री संपादन चालू असेल, तर शिल्लक संपलेली असते. तयार व्हिडिओ आठवडाभर आधी चढवून ‘शेड्यूल’ करावा. तोवर तो खाजगी राहतो आणि संगीताचा कॉपीराइट दावा आला तर दुरुस्तीला वेळ मिळतो.

सणांच्या तारखा मागील वर्षाच्या तक्त्यावरून उचलू नयेत. गणेशचतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला येते. मोदकांचा व्हिडिओ त्याआधी दोन आठवडे दिसायला हवा, म्हणजे चित्रीकरण जुलैअखेरीस उरकावे लागते.