प्लग बसला, लिंक उठली, तरी वायर चुकीचीच

एका कॉलेजात दोन इमारतींमध्ये १८० मीटर फायबर टाकलेली होती. एका टोकाला सर्व्हर, दुसऱ्या टोकाला लॅबमधला स्विच. लिंक चालायची, पण दिवसातून पाच-सात वेळा पडायची आणि आपोआप उठायची. सर्व्हरच्या खोलीतल्या भाऊंनी माझ्याआधीच बरंच करून पाहिलं होतं. विजेच्या सिग्नलचा प्रकाश करणारं एसएफपी मॉड्यूल बदललं, प्लगची टोकं पुसली, मॉड्यूलपासून भिंतीवरच्या डब्यापर्यंत जाणारी सर्व्हरकडची छोटी वायर, म्हणजे पॅचकॉर्ड, नवी आणली. काही फरक नाही. सर्व्हरवर मी एक कमांड दिली आणि दोन ओळी दिसल्या:

```
$ sudo ethtool -m eth1 | grep 'power *:'
Laser output power                    : 0.2630 mW / -5.80 dBm
Receiver signal average optical power : 0.0110 mW / -19.59 dBm
```

पहिली ओळ म्हणजे सर्व्हरचं मॉड्यूल किती प्रकाश बाहेर सोडतंय, दुसरी म्हणजे स्विचकडून किती येऊन पोचतोय. हे डीबीएमचं मोजमाप लक्षात ठेवायला सोपं आहे: आकडा ३ ने खाली गेला की प्रकाश निम्मा, १० ने गेला की दहावा हिस्सा. आमची मॉड्यूल एक गिगाबिटची, एलएक्स म्हणजे लांब पल्ल्याच्या प्रकारची होती. त्यांच्या मानकात रिसीव्हरला उणे १९ पर्यंतचा प्रकाश वाचता यावा अशी अपेक्षा असते. आमचा उणे १९.५९. म्हणजे अगदी कडेवर. थोडं इकडेतिकडे झालं की लिंक पडणारच.

मग लॅबमधल्या स्विचवर जाऊन त्याची बाजू पाहिली. तो उणे ६.१ ने प्रकाश सोडत होता आणि सर्व्हरचा प्रकाश त्याच्याकडे उणे ७.० ने पोचत होता. सर्व्हरकडून स्विचकडे येताना तोटा १.२ डेसिबल, स्विचकडून सर्व्हरकडे जाताना १३.५. एकाच केबलमधून, सारख्याच प्लगांमधून; फक्त जायचा दोरा वेगळा, यायचा वेगळा. जाताना बाविसातला एक भाग पोचतो आणि येताना तीनचतुर्थांश, असं का व्हावं?

आधी प्लगांबद्दल. एसएफपीच्या तोंडात जो छोटा प्लग बसतो तो एलसी. त्यावर लॅनच्या प्लगसारखी दाबायची क्लिप असते. केबल जिथे संपते त्या भिंतीवरच्या डब्यात, म्हणजे एलआययूमध्ये, आमच्याकडे चौकोनी, जाडसर प्लग होते. ते एससी, ढकलले की बसतात, ओढले की निघतात. एससी १९८० च्या दशकात जपानच्या एनटीटीने आणला. एलसी नव्वदीच्या शेवटी ल्युसेंट कंपनीने काढला, त्यातला एल तिथूनच आलाय. दोन्हींच्या पोटात पांढऱ्या सिरॅमिकची नळी असते, तिला फेरूल म्हणतात. एससीची फेरूल २.५ मिलिमीटर जाड, एलसीची बरोबर निम्मी, १.२५. एलसी लहान म्हणून स्विचवर एकाशेजारी एक दाटीने बसवता आला आणि एसएफपीत तोच रूढ झाला. जुन्या एलआययूत आणि घरोघरच्या फायबर कनेक्शनमध्ये एससी टिकून राहिला. त्यामुळे एका टोकाला एलसी आणि दुसऱ्या टोकाला एससी अशी पॅचकॉर्ड लागणं अगदी रोजचं आहे.

आता खरी मेख. फेरूलच्या मधोमध काच असते आणि तिची बाहेरची जाडी बहुतेक सगळीकडे १२५ मायक्रॉन, केसापेक्षा थोडी जास्त. सिंगल मोड असो वा मल्टिमोड, बाहेरून काच तेवढीच. फरक आत आहे. प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो तो सिंगल मोडमध्ये साधारण ९ मायक्रॉनचा, मल्टिमोडमध्ये ५० किंवा ६२.५ चा. बाहेरचं माप एकच असल्यामुळे दोन्ही जातींच्या दोऱ्यांना सारखेच प्लग लागतात, आणि प्लगला आतल्या काचेचं काही देणंघेणं नसतं. चुकीची जातही तितक्याच खात्रीशीर आवाजाने क्लिक होते. डिझेलच्या गाडीत पेट्रोलचा पाइप सहज शिरतो, तसलाच प्रकार.

या दोन गाभ्यांची तोंडं एकमेकांना भिडवली की काय होतं ते दिशेवर ठरतं. अरुंद गाभ्यातून रुंद गाभ्यात जाणारा प्रकाश जवळपास सगळा आत शिरतो, बारीक नळाची धार बादलीत पडावी तसा. उलट दिशेने मात्र रुंद गाभ्यात पसरलेल्या प्रकाशातला जेवढा नेमका मधल्या ९ मायक्रॉनवर पडेल तेवढाच पुढे जातो, बाकीचा बाहेरच्या काचेत जाऊन विरतो. गाभा पूर्ण भरलेला धरला तर हिशेब क्षेत्रफळाचा आहे: ५० ला ९ ने भागलं की साडेपाच, त्याचा वर्ग सुमारे ३१. एकतिसातला एक भाग, म्हणजे १५ डेसिबलचा तोटा. ६२.५ चा गाभा असेल तर जवळजवळ १७.

आमचा १३.५ या हिशेबाच्या जवळ आहे, पण थोडा कमी. त्यालाही कारण आहे. एलएक्स मॉड्यूलच्या लेझरची शलाका बारीक असते. ती रुंद गाभ्यात शिरली तरी तीन मीटरच्या कॉर्डमध्ये पूर्ण पसरायला तिला सवड मिळत नाही, बराचसा प्रकाश मध्याजवळ राहतो. पण किती राहतो हे कॉर्ड कशी वळली आहे, किती ताणली आहे, यावर बदलत राहतं. म्हणून हा तोटा एका जागी ठरत नाही. कॉर्डला हात लावला की आकडा हलतो. कोणी रॅकचं दार जोरात लावलं की लिंक जाते. दिवसातून पाच-सात वेळा जायची ती अशीच.

एवढं कळल्यावर चूक कुठल्या टोकाला असणार हेही सांगता येतं आणि नेमकं इथेच सगळे फसतात. प्रकाश कमी मिळत होता सर्व्हरला, म्हणून भाऊंनी सर्व्हरकडचं सगळं बदललं. पण इमारतींमधली केबल सिंगल मोडची, आणि रुंदातून अरुंदात जाण्याचा सांधा स्विचकडून निघालेल्या प्रकाशाच्या वाटेवर होता, तोही अगदी सुरुवातीला. म्हणजे मल्टिमोड कॉर्ड स्विचच्या टोकाला लागलेली असणार आणि तक्रार मात्र सर्व्हरच्या टोकाला दिसणार. स्विचला सर्व्हरकडून प्रकाश मिळतो तेव्हा शेवटचा सांधा अरुंदातून रुंदात जातो, त्यामुळे त्याचे आकडे झक्कास. (दोन्ही टोकांना मल्टिमोड कॉर्ड असत्या तर दोन्हीकडून तक्रार आली असती.) पोर्टच्या दिव्यांवर विसंबून राहू नये, कारण दोन्ही बाजूंची आपसातली वाटाघाट, म्हणजे ऑटोनेगोशिएशन, चालू असली की एक बाजू आंधळी होताच दुसरीचाही दिवा विझतो. लॉगमध्ये दोन्ही टोकं एकाच सेकंदाला पडलेली दिसत होती. बोलके होते ते फक्त डीबीएमचे आकडे.

तरी एक शंका उरते. भूमिगत केबलमधलाच एखादा दोरा कुठे चेपला असेल तर? त्यानेही एका बाजूचाच प्रकाश घटेल. त्याची परीक्षा फुकटात होते. दोन्ही एलआययूंवर एससी प्लगांची जोडी उलटसुलट केली, म्हणजे आता स्विचचा प्रकाश दुसऱ्या दोऱ्यातून जातोय. दोरा खराब असता तर दोष दोऱ्याबरोबर गेला असता आणि आता स्विचला कमी प्रकाश मिळाला असता. तसं झालं नाही. सर्व्हरचाच आकडा पडलेला राहिला. दोष दोऱ्याचा नव्हता, दिशेचा होता. आणि कॉर्डचे दोन्ही पदर मल्टिमोड असले की असंच दिसतं.

लॅबच्या रॅकमध्ये टॉर्च मारली. एलआययूवरच्या निळ्या तोंडात निळे प्लग खोचलेले होते आणि एका जोडीत बदामी रंगाचे. कॉर्ड नारिंगी. निळा रंग सहसा सिंगल मोडचा, बदामी मल्टिमोडचा; वायरीत पिवळी सिंगल मोड, नारिंगी किंवा फिकट निळसर हिरवी मल्टिमोड. पण रंग हा रिवाज आहे, हमी नव्हे. खात्री करायची तर वायरीवरची बारीक छपाई वाचायची. ९/१२५ किंवा ओएस२ असेल तर सिंगल मोड. ५०/१२५, ६२.५/१२५ किंवा ओएम१ ते ओएम५ यांपैकी काही असेल तर मल्टिमोड. आमच्या नारिंगी कॉर्डवर ५०/१२५ स्वच्छ छापलेलं होतं, फक्त धुळीखाली. कोणीतरी दुकानात "एलसी-एससी, तीन मीटर" एवढंच सांगितलं असणार. दुकानदाराने जे मागितलं तेच दिलं.

पिवळी कॉर्ड लावल्यावर सर्व्हरवरचा आकडा उणे ७.३ वर आला. हात लावून हलवली, गुंडाळली, जागचा हलला नाही.

अशा ठिकाणी बरेच जण मोबाइलचा कॅमेरा प्लगसमोर धरून लेझर चालू आहे का ते पाहतात. मल्टिमोडच्या ८५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला काही कॅमेऱ्यांत जांभळट ठिपका दिसतो. सिंगल मोडचा १३१० चा प्रकाश कॅमेऱ्याच्या सिलिकॉनला दिसतच नाही, त्यामुळे चांगलं मॉड्यूल मेलेलं समजून फेकलं जातं. डोळ्याने तर कधीच पाहू नये, कारण दोन्ही प्रकाश डोळ्याला अदृश्य असतात आणि इजा मात्र करू शकतात.

दोन जाती मुद्दाम जोडण्याची एक अधिकृत जागाही आहे. जुन्या इमारतीत मल्टिमोड केबल आधीच भिंतीत गाडलेली असते आणि तिच्यावर एलएक्स मॉड्यूल चालवायचं असतं. जुन्या मल्टिमोड काचेच्या गाभ्यात अगदी मध्यभागी घडणीचा दोष राहून जायचा आणि बारीक शलाका नेमकी तिथेच पडली की सिग्नल फाटायचा. त्यासाठी मोड कंडिशनिंग नावाची वेगळी कॉर्ड मिळते. तिच्यात सिंगल मोडचा तुकडा मल्टिमोडला मुद्दाम थोडा बाजूला सरकवून वितळवलेला असतो, म्हणजे प्रकाश मध्य टाळून शिरतो. लेझर निघतो त्या पदरातच हा सांधा असतो, येणाऱ्या प्रकाशाचा पदर साधा मल्टिमोडच. इथेही प्रकाश अरुंदातून रुंदात जातोय, उलट नाही, हे लक्षात आलं असेल.

तर दुकानात सांगायचं ते असं: एका टोकाला एलसी, दुसऱ्याला एससी, ड्युप्लेक्स, सिंगल मोड ९/१२५, यूपीसी, तीन मीटर. यूपीसी म्हणजे सपाट टोक. ते सांगायचं कारण, हिरव्या एससी प्लगचं टोक आठ अंशांनी तिरपं घासलेलं असतं. घरच्या बऱ्याच फायबर कनेक्शनांना तो लागतो. निळ्या तोंडात तो बसतो खरा, पण सपाट टोकाशी भिडत नाही, मध्ये हवेची फट राहते. आणि ती नारिंगी कॉर्ड आम्ही टाकली नाही. कागदाची चिठ्ठी चिकटवून मल्टिमोडसाठीच्या एसएक्स मॉड्यूलच्या खोक्यात ठेवली, तिथे ती अगदी योग्य आहे.