‘कोणतीही कळ दाबा’: रात्रीच्या बॅच फाइली अडकून पडतात त्यामागचा इतिहास

आयबीएमच्या पहिल्या पीसीसोबत १९८१ साली डॉस आले, तेव्हापासून त्यात `PAUSE` ही आज्ञा आहे. बॅच फाइल त्या ओळीशी आली की पडद्यावर `Strike a key when ready . . .` असे उमटे आणि कोणी कळ दाबेपर्यंत काम थांबून राही. त्या यंत्राला हार्ड डिस्क नव्हती. एक फ्लॉपी काढून दुसरी घालायला माणसाला वेळ द्यावा लागे, आणि ती घातली गेली हे यंत्राला कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे कळ दाबणे हाच होता. यंत्र चालू आहे म्हणजे समोर माणूस बसलेला आहे, हे तेव्हा वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

युनिक्सची वाट वेगळी होती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील `cron` ठरल्या वेळी आज्ञा सोडत असे, आणि त्या आज्ञेला वाचायला काय मिळेल हेही तिथे ठरलेले होते: नोंदीत `%` या चिन्हानंतर लिहिलेला मजकूरच तिच्या इनपुटला जाई. पुढे सर्वत्र पसरलेल्या विक्सी यांच्या `cron` मध्येही असा मजकूर दिलेला नसेल, तर इनपुट वाचणाऱ्या आज्ञेला लगेच ‘मजकूर संपला’ असे उत्तर मिळते. त्यामुळे तिथे प्रश्न विचारणारी स्क्रिप्ट बहुधा अडकत नाही. ती चुकते किंवा नकार गृहीत धरून पुढे जाते. हेही वाईटच, पण ते निदान लवकर उघडकीस येते.

विंडोजमध्ये मात्र डॉसचे प्रश्न तसेच राहिले आणि वेळापत्रकाची सोय नंतर आली. १९९३ च्या एमएस-डॉस ६.२ मध्ये `COPY` जुन्या फाइलवर लिहिण्यापूर्वी विचारू लागली, पण बॅच फाइलमधून चालवल्यास विचारायचे नाही, अशी सूट तिला दिलेली होती. `copy /?` च्या मदतीत ते वाक्य आजही वाचायला मिळते. हा विचार सगळ्याच आज्ञांच्या बाबतीत झाला असता तर पुढचा बराच त्रास वाचला असता, असे मला मनापासून वाटते. पुढे २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टाने सेवांसाठीचे सत्र ०, लॉगिन केलेल्या माणसाच्या सत्रापासून तोडले. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होते. मात्र ‘वापरकर्ता लॉगिन असो वा नसो, चालवा’ असा पर्याय निवडलेल्या कामाची काळी खिडकी आता कोणालाच दिसत नाही. तिच्यातला प्रश्न खरा असतो, कीबोर्ड मात्र तिथपर्यंत पोहोचत नाही.

याचे नेहमी आढळणारे उदाहरण म्हणजे हिशेबाच्या फाइलची रोजची प्रत:

```
xcopy D:\hishob\khate.mdb E:\prati\khate_%DIN%.mdb /Y
```

`DIN` मध्ये त्या दिवसाची तारीख भरलेली आहे. `/Y` असल्यामुळे आता काही विचारले जाणार नाही, असे लिहिणाऱ्याला वाटते. पण `/Y` फक्त जुन्या फाइलवर लिहिण्याची परवानगी देते. लक्ष्य अस्तित्वातच नसेल, तर ते फाइलचे नाव आहे की फोल्डरचे, असा `xcopy` चा प्रश्न वेगळाच असतो आणि तो F किंवा D च्या उत्तराची वाट पाहतो. दुपारी हाताने चालवून पाहताना पहिल्या वेळी F दाबले जाते. दुसऱ्या वेळी त्या तारखेची फाइल तयार असल्यामुळे प्रश्न येतच नाही, आणि चाचणी पार पडली असे समजले जाते. दुसऱ्या रात्री तारीख बदलते, नाव नवे होते आणि प्रश्न परत येतो.

समजा, सोमवारी रात्री ११ वाजता काम अडकले. टास्क शेड्युलरमध्ये ते ‘चालू’ दिसते, शेवटच्या निकालाच्या रकान्यात `0x41301` असते आणि टास्क मॅनेजरमध्ये `xcopy.exe` चा सीपीयू वेळ तासन्‌तास तेवढाच राहतो. आधीचे चालू असेल तर नवे सुरू करू नये, हा मूळ नियम असल्यामुळे मंगळवारी आणि बुधवारी काम सुटतच नाही. इतिहास नोंदवणे चालू ठेवले असेल तर तिथे ३२२ क्रमांकाची नोंद सापडते. मूळ कालमर्यादा ७२ तासांची असते. ती गुरुवारी रात्री ११ ला भरते, तेव्हा ३२९ क्रमांकाच्या नोंदीसह काम बंद केले जाते. तीन रात्रींची एकही प्रत नसते, आणि पुढचे काम त्याच प्रश्नाशी येऊन थांबते.

पुष्कळ जण `echo F|xcopy ...` असे लिहून वाट काढतात. इंग्रजी विंडोजवर ते चालते. जर्मन विंडोजवर मात्र तोच प्रश्न फाइलसाठी D हे अक्षर मागतो. एकाच फाइलची प्रत करायची असेल तर `copy /Y` वापरणे अधिक भरवशाचे आहे, कारण नवे नाव दिसले की ती त्याला फाइलच मानते. कालमर्यादा ७२ तासांवरून १ तासावर आणल्यास अडकलेले काम दुसऱ्या रात्रीची वाट अडवत नाही. मात्र प्रश्न जागेवरच असेल, तर त्या रात्रीची प्रतही होत नाही.