परदेशी बाजारपेठेत प्रवेशाच्या पद्धती

एखादी कंपनी आपला माल, तंत्रज्ञान किंवा नाममुद्रा दुसऱ्या देशात नेताना जी व्यवस्था निवडते, तिला प्रवेशपद्धती म्हणतात. निर्यात, परवाना, संयुक्त उपक्रम आणि पूर्ण मालकीची उपकंपनी या चार प्रमुख पद्धती होत. पाठ्यपुस्तकांत त्या वाढत्या गुंतवणुकीच्या आणि वाढत्या नियंत्रणाच्या क्रमाने मांडलेल्या असतात. हा क्रम ढोबळमानाने बरोबर असला तरी नियंत्रण केवळ भांडवलाच्या टक्केवारीवर ठरत नाही. ट्रेडमार्क कोणाच्या नावावर आहे, वितरकांशी रोजचा व्यवहार कोण करतो आणि कारखाना कोण चालवतो, या तीन प्रश्नांची उत्तरे अनेकदा टक्केवारीपेक्षा जास्त सांगून जातात.

निर्यातीत उत्पादन मायदेशीच राहते. मध्यस्थ व्यापाऱ्यामार्फत माल पाठवला तर ती अप्रत्यक्ष निर्यात. परदेशातील वितरक स्वतः नेमला तर प्रत्यक्ष निर्यात. भांडवल कमी अडकते आणि माघार घेणेही सोपे असते. मात्र वाहतूक खर्च आणि आयात शुल्क किमतीत मिसळतात. शिवाय ग्राहक नेमका कोण आणि तो का परत येतो, हे वितरकाला कळते, कंपनीला नाही. म्हणून वितरकाशी करार करताना विक्रीचा ग्राहकनिहाय तपशील मिळण्याची अट घालणे महत्त्वाचे ठरते. करार संपल्यावर ती माहिती मिळवणे फार कठीण जाते.

परवाना पद्धतीत कंपनी पेटंट, तंत्रज्ञान किंवा ट्रेडमार्क वापरण्याचा हक्क परदेशी कंपनीला देते आणि विक्रीवर रॉयल्टी घेते. समजा, रॉयल्टी 5 टक्के आहे आणि परवानाधारकाची विक्री 100 कोटींची आहे, तर मूळ कंपनीच्या हाती 5 कोटी येतात आणि त्यासाठी तिने कारखान्यात एक पैसाही घातलेला नसतो. धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. परवानाधारक काही वर्षांत ती विद्या आत्मसात करतो आणि मुदत संपल्यावर स्वतःच्या नावाने बाजारात उतरू शकतो. ट्रेडमार्कच्या परवान्यात आणखी एक अडचण येते. ब्रिटनच्या बर्बेरी कंपनीने जपानमध्ये सान्यो शोकाई या कंपनीला दीर्घकाळ परवाना दिला होता. तेथे बर्बेरीच्या नावाने जपानी ग्राहकांसाठी वेगळे आणि तुलनेने स्वस्त कपडे तयार होत राहिले, तर इतरत्र हीच नाममुद्रा उंची म्हणून विकली जात होती. 2015 मध्ये हा परवाना संपला आणि बर्बेरीने जपानमधील व्यवसाय स्वतःकडे घेतला.

संयुक्त उपक्रमात दोन किंवा अधिक कंपन्या मिळून नवी कंपनी काढतात आणि भांडवल, नफा व जोखीम वाटून घेतात. परदेशी भागीदार सहसा पैसा आणि तंत्र आणतो, तर स्थानिक भागीदार वितरणजाळे, कामगार आणि सरकारी परवानग्यांची वाट दाखवतो. काही देशांत ठरावीक क्षेत्रांमध्ये परदेशी कंपनीच्या मालकीवर कायदेशीर मर्यादा असते. तेथे ही पद्धत निवडीने नव्हे, नियमामुळे येते. कागदावरील बहुमत इथे किती अपुरे पडू शकते, हे दानोन आणि वाहाहा यांच्या प्रकरणातून स्पष्ट दिसते.

1996 मध्ये फ्रान्सच्या दानोनने हाँगकाँगच्या पेरेग्रीन या वित्तसंस्थेसह चीनमधील हांगचौ येथील पेय उत्पादक वाहाहा समूहाशी संयुक्त कंपन्या स्थापन केल्या. दानोन व पेरेग्रीन यांचा एकत्रित वाटा 51 टक्के होता; उरलेला वाहाहा समूह आणि तिच्या कर्मचाऱ्यांकडे होता. 1998 मध्ये पेरेग्रीन बुडाली, तिचा वाटा दानोनने घेतला आणि 51 टक्के एकट्या दानोनकडे आले. कारभार मात्र वाहाहाचे संस्थापक चोंग छिंगहौ यांच्याच हाती राहिला. कारखाने, विक्रेते आणि कर्मचारी त्यांना ओळखत होते; दानोनचा अधिकार मुख्यतः संचालक मंडळातील बहुमतापुरता उरला.

खरी गुंतागुंत ट्रेडमार्कची होती. मूळ करारानुसार ‘वाहाहा’ हा ट्रेडमार्क संयुक्त कंपनीकडे हस्तांतरित व्हायचा होता आणि त्याचे मूल्य 10 कोटी युआन धरले होते. चीनच्या ट्रेडमार्क कार्यालयाने या हस्तांतरणाला मंजुरी दिली नाही. त्यामुळे 1999 मध्ये त्याऐवजी परवाना करार झाला. म्हणजे संयुक्त उपक्रमाची सर्वांत मौल्यवान मालमत्ता प्रत्यक्षात भागीदाराकडेच राहिली आणि उपक्रमाला फक्त वापराचा हक्क मिळाला. वरवर ही तांत्रिक दुरुस्ती वाटते, पण तिच्यामुळे 51 टक्क्यांचा अर्थच बदलला.

पुढील काही वर्षांत चोंग यांच्याशी संबंधित, संयुक्त उपक्रमाबाहेरच्या अनेक कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्याच नावाची पेये विकू लागल्या. दानोनने 2006 मध्ये या कंपन्यांचा 51 टक्के वाटा सुमारे 4 अब्ज युआनला मागितला. चोंग यांनी नकार दिला. 2007 मध्ये वाद उघडपणे पेटला: दानोनने स्टॉकहोममध्ये लवादाकडे धाव घेतली, चोंग यांनी संयुक्त कंपन्यांचे अध्यक्षपद सोडले आणि त्याच वर्षी हांगचौच्या लवादाने ट्रेडमार्क वाहाहा समूहाचाच असल्याचा निर्णय दिला. कर्मचारी आणि विक्रेते चोंग यांच्या बाजूने उभे राहिले. बहुमत असूनही दानोनला कारखाने चालवण्यासाठी दुसरी माणसे उभी करता आली नाहीत. सप्टेंबर 2009 मध्ये समझोता झाला आणि दानोनने आपला 51 टक्के वाटा चिनी भागीदारांना विकला.

अशा उपक्रमात काही बिनसत असल्याची चिन्हे लेखापुस्तकांत आधीच दिसू शकतात. भागीदाराशी संबंधित कंपन्यांबरोबरची खरेदी-विक्री वाढत जाते, एकूण बाजार वाढत असताना उपक्रमाची वाढ मंदावते, किंवा त्याच नाममुद्रेचा माल उपक्रमाच्या उत्पादनाशी जुळत नाही इतका बाजारात दिसू लागतो. म्हणून परदेशी भागीदार आपला वित्त अधिकारी आत नेमण्याचा, लेखापरीक्षणाचा हक्क राखण्याचा आणि ट्रेडमार्कची नोंदणी पूर्ण झाल्यावरच भांडवलाचा पुढचा हप्ता देण्याचा आग्रह धरतात.

पूर्ण मालकीच्या उपकंपनीत भागीदाराचा प्रश्न सुटतो, कारण सर्व भांडवल मूळ कंपनीचे असते. ती नव्याने उभारता येते किंवा चालू कंपनी विकत घेता येते. विकत घेतल्याने वेळ वाचतो. पण जुनी माणसे, सवयी आणि करारही सोबत येतात. वॉलमार्टने 1997 व 1998 मध्ये जर्मनीत व्हेर्टकाउफची 21 आणि इंटरस्पारची 74 दुकाने घेतली. दुकाने हाती आली, पण मूळ खर्चापेक्षा कमी किमतीत विकण्यावरचे निर्बंध, दुकानांच्या वेळांचे कायदे आणि आल्डीसारखे स्वस्त प्रतिस्पर्धी बदलले नाहीत. 2006 मध्ये उरलेली 85 दुकाने मेट्रो समूहाला विकून कंपनी बाहेर पडली.

पद्धत एकदाच निवडली जाते असेही नाही. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील योहानसन आणि वाल्न यांनी 1977 मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार कंपन्या अनुभव वाढेल तशी गुंतवणूक वाढवत जातात. स्टारबक्सने 1995 मध्ये जपानमध्ये साझाबी कंपनीशी संयुक्त उपक्रम काढला, पुढच्या वर्षी टोकियोच्या गिन्झा भागात पहिले दुकान उघडले आणि 2014 मध्ये स्वतःकडे नसलेले 60.5 टक्के समभाग सुमारे 91 कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले. तोवर दुकानांची संख्या हजारावर गेली होती आणि भागीदाराकडून शिकण्यासारखे फार काही उरले नव्हते.