एक ओळ वाढली आणि तीन स्लाइड्स गायब झाल्या

लोणार सरोवरावर शाळेत बोलायचं होतं. मुद्दे मार्कडाउनमध्ये लिहिले आणि स्लाइड्स करण्याचं काम पँडॉकवर सोपवलं. आराखडा एवढाच होता:

```
# लोणारचा खड्डा

## कुठे आहे

- बुलढाणा जिल्हा

## केवढा आहे

- व्यास सुमारे १.८ किमी

# कसा तयार झाला

## ज्वालामुखी की उल्का?

- मास्केलिनाइट सापडले
```

```
pandoc lonar.md -s -t revealjs -o lonar.html
```

पाच स्लाइड्स झाल्या. दोन भागांची नावं आणि तीन विषय, अगदी मनासारखं. मग वाटलं, पहिल्या मथळ्याखाली ओळख म्हणून "बेसाल्ट खडकातला आघाताचा खड्डा" एवढी ओळ टाकावी. टाकली, तीच आज्ञा पुन्हा चालवली, तर पाचाच्या दोनच स्लाइड्स उरल्या! "कुठे आहे" आणि "केवढा आहे" हे दोन्ही विषय एकाच स्लाइडवर उपमथळे होऊन दाटीवाटीने बसले होते.

चूक पँडॉकची नव्हती. स्लाइड कुठे तोडायची हे आपण सांगितलं नाही, तर तो मथळ्यांवरून अंदाज बांधतो. ज्या मथळ्याच्या लगेच खाली दुसरा मथळा न येता प्रत्यक्ष मजकूर येतो, अशा मथळ्यांमधली सर्वांत वरची पातळी तो शोधतो आणि तिलाच स्लाइडची पातळी मानतो. आधी `#` च्या मथळ्याखाली नेहमी `##` चाच मथळा येत होता, म्हणून पातळी दोन ठरली. माझी ओळ पहिल्या पातळीखाली येऊन बसली आणि सगळा हिशेब एक पायरी वर सरकला. ओळ कुठल्याही `#` च्या मथळ्याच्या लगेच खाली, अगदी शेवटच्या भागात आली असती तरी हेच झालं असतं, कारण पातळी साऱ्या फाइलसाठी एकच ठरते.

उपाय सोपा: अंदाज बांधू द्यायचाच नाही.

```
pandoc lonar.md -s -t revealjs --slide-level=2 -o lonar.html
```

आता पुन्हा पाच स्लाइड्स, आणि ओळखीची ओळ भागाच्या नावाच्या स्लाइडवर. मी `grep -c '^#' lonar.md` चालवून मथळे मोजतो आणि तो आकडा स्लाइड्सशी ताडून पाहतो. मध्ये मुद्दाम तोडलेल्या जास्तीच्या स्लाइड्स नसतील तर दोन्ही आकडे जुळायला हवेत. जुळले नाहीत, तर बहुधा कुठेतरी मथळ्याआधीची रिकामी ओळ सोडायची राहून गेलेली असते. पँडॉकच्या मार्कडाउनला ती लागते. ती नसेल तर `##` सकट मथळा वरच्या मुद्द्याला चिकटून त्याचाच भाग होतो.

एक गंमत इथेच सांगतो. या पद्धतीच्या रिव्हील स्लाइड्समध्ये भाग आडवे लागतात आणि त्यांतले विषय उभे, एकाखाली एक. उजवीकडचा बाण दाबत गेलात तर थेट पुढच्या भागावर उडी पडते आणि मधले विषय तसेच राहतात. क्रमाने जायचं तर स्पेसबार दाबायचा. हे सभागृहात कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

मार्कडाउनपासून स्लाइड्स करणारा दुसरा प्रोग्राम, मार्प, अंदाजाच्या भानगडीत पडत नाही. मूळ नियम असा, की `---` दिसलं की नवी स्लाइड. मथळ्यांवर तोडायचं असेल तर फाइलच्या माथ्यावर तसं लिहावं लागतं:

```
---
marp: true
headingDivider: 2
---
```

याचा अर्थ पहिल्या आणि दुसऱ्या पातळीच्या प्रत्येक मथळ्याला नवी स्लाइड. ओळखीची ओळ असो वा नसो, पाचाच्या पाच. मथळ्यांची शिस्त ज्यांची सारखी मोडते त्यांना मी मार्प सुचवतो. पण तयार पीपीटीएक्स फाइलमध्ये सहकाऱ्याला मजकूर बदलायचा असेल तर पँडॉक बरा. मार्प साधारणपणे प्रत्येक स्लाइडचं चित्रच त्या फाइलमध्ये डकवतो.

आता राहिली जागा. स्लाइड कुठे तोडायची हे दोघेही खुणांवरून ठरवतात, मजकूर मावतो का ते पाहून नाही. मार्पची स्लाइड मुळात १२८० बाय ७२० पिक्सेलची. मुद्दे त्याहून खाली गेले तर उरलेले सरळ कापले जातात आणि कुठलीही सूचना येत नाही. म्हणून पीडीएफ काढून प्रत्येक पानाचा तळ डोळ्यांखालून घालावा लागतो. जिथे कापलं गेलं असेल तिथे विषय जिथे वळतो त्या ठिकाणी `---` द्यावं आणि नव्या स्लाइडला स्वतःचा मथळा द्यावा, नाहीतर ती बिननावाची राहते.

मात्र त्या रेघांच्या वर एक ओळ रिकामी सोडा. साध्या वाक्याला चिकटून `---` आलं, तर मार्कडाउनच्या जुन्या रिवाजानुसार ती रेघ स्लाइड तोडत नाही, वरच्या वाक्यालाच दुसऱ्या पातळीचा मथळा बनवते. माझ्या एका स्लाइडच्या माथ्यावर ठळक अक्षरांत "हे शेवटी सांगायचं" असं झळकलं होतं, ते यामुळेच.