पत्रकात सूट होती, बिलात आलीच नाही? मग आधी हे वाचा

आखाजी जवळ आली की आपल्याकडे पेपरातून पत्रकं पडायला लागतात, कुलरवर एवढे टक्के, मिक्सरवर तेवढे, आणि मे महिन्याचं ऊन डोक्यावर असल्यामुळे लोक पत्रक बघून लगेच दुकान गाठतात. गर्दीत बिल होतं, पैसे जातात, कुलर टेम्पोत चढतो, आणि घरी गेल्यावर कोणीतरी बिल नीट बघतं तेव्हा कळतं की सूट लागलेलीच नाही. आमच्या दुकानात आणि बाकीच्या दुकानांतही हा विषय दर सीझनला निघतो, म्हणून ग्राहकांसाठी एकदा नीट लिहून देतोय. बिल दुसऱ्या दुकानाचं असलं तरी हिशोब हाच राहतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मालाला दोन रेट असतात, एक खोक्यावर छापलेली एमआरपी आणि दुसरा दुकानाचा रोजचा विक्रीचा रेट, जो बहुतेक वेळा एमआरपीपेक्षा कमीच असतो. बारकोड मारला की विक्रीचा रेट आपोआप येतो. ऑफर मात्र वेगळी भरावी लागते, कोणत्या मालावर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. मागच्या सीझनच्या मालाचा कोड वेगळा असेल आणि तो ऑफरमध्ये टाकायचा राहिला, किंवा पत्रकात रविवारपर्यंत लिहिलंय आणि सॉफ्टवेअरमध्ये शनिवारीच तारीख संपली, की बिल रोजच्या रेटनेच निघतं. काउंटरवरच्या पोराला ते कळत पण नाही. म्हणून दर वेळी फसवणूकच असते असं नाही, पण पैसे तुमचे आहेत आणि ते मागायला अजिबात लाजू नका.

आता एक हिशोब करून बघू. समजा पारोळ्याच्या एका ताईंनी कुलर घेतला, खोक्यावर एमआरपी १२,००० रुपये. पत्रकात स्पष्ट लिहिलंय ‘आखाजीनिमित्त कुलरच्या एमआरपीवर १५ टक्के सूट’. दुकानाचा रोजचा रेट ११,००० आहे आणि बिल पण ११,००० चंच झालं. ताई म्हणाल्या, सूट कुठे आहे भाऊ, तर काउंटरवरून उत्तर आलं, अहो ताई, हजार रुपये कमी लावलेत ना एमआरपीपेक्षा. हे उत्तर ऐकायला बरोबर वाटतं पण ते चूक आहे. १२,००० चे १५ टक्के म्हणजे १,८००, बिल १०,२०० चं पाहिजे होतं. हजार रुपये तर रोजच कमी असतात, पत्रकातली ऑफर त्यात धरली तरी अजून ८०० रुपये द्यायचे राहतात. उलट बाजूही सांगून ठेवतो, ताईंनी ११,००० वर अजून १५ टक्के मागितले तर ते मिळणार नाहीत, कारण पत्रकात एमआरपीवर लिहिलंय. म्हणून पत्रकात टक्के बघायच्या आधी ते कशावर आहेत ते बघा, सगळं भांडण तिथेच असतं.

दुसरा एक प्रकार पण होतो, सूट तर लावतात पण खाली ‘जीएसटी वेगळा’ म्हणून परत टॅक्स जोडतात. एमआरपीमध्ये सगळे टॅक्स आधीच धरलेले असतात. याच कुलरच्या १०,२०० वर १८ टक्के जोडले तर १२,०३६ होतात, म्हणजे सूट घेऊन एमआरपीच्या पण वर गेलात! एमआरपीवर सूट जाहीर करून वरून टॅक्स लावणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये सांगितलेलं आहे, त्यामुळे असं बिल दिसलं तर तिथेच थांबवा.

बिल निघायच्या आधी लक्षात आलं तर काम सोपं, एंट्री दुरुस्त होते. पैसे देऊन घरी गेल्यावर लक्षात आलं तर काही दुकानदार म्हणतात बिल झालं, जीएसटीत गेलं, आता काही होत नाही. होतं. बिलात जास्त रक्कम लागली असेल तर दुकानदार क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली जास्तीची रक्कम कमी केल्याचा कागद, काढू शकतो, जीएसटी कायद्यात कलम ३४ मध्ये तीच सोय आहे. ताईंच्या बाबतीत ती ८०० रुपयांची निघेल, ६७७.९७ मालाचे आणि १२२.०३ त्यावरच्या जीएसटीचे. टॅक्सचा भाग दुकानदार स्वतःच्या रिटर्नमध्ये कमी करून घेतो, म्हणजे त्याचं पण त्यात नुकसान नाही. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे बिलाखाली छापलेलं वाक्य कोणी दाखवलं तर शांतपणे सांगा की मी माल परत करतच नाहीये, फक्त फरक मागतोय.

फरक मागायला येताना बिल, पत्रक (किंवा त्याचा फोटो, तारीख दिसेल असा) आणि खोक्यावरच्या एमआरपीच्या स्टिकरचा फोटो एवढं आणा. खोका लगेच फेकू नका, स्टिकर त्याच्यावरच असतो. काउंटरवर न झाल्यास मालकाला भेटा, आणि मालक नसेल तर दुकानाच्या व्हॉट्सॲपवर साधं लिहून टाका: ‘अमुक तारखेचं बिल, अमुक नंबर, पत्रकाप्रमाणे १०,२०० पाहिजे होते, ११,००० घेतले, ८०० परत करावेत.’ तोंडी बोललेलं नंतर कोणालाच आठवत नाही, लिहिलेलं राहतं. पुढच्या खरेदीत वळते करू असं म्हटलं आणि तुम्हाला चालत असेल तर ठीक, पण नको असेल तर पैसेच मागा.

तरी ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. बरीच प्रकरणं तिथूनच मिटतात. त्याच्या पुढे जिल्हा ग्राहक आयोग, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे शिरपूरच्या माणसाने जळगावला कुलर घेतला तरी धुळ्यात चालतं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत २ वर्षं. ८०० रुपयांसाठी आयोगापर्यंत जायची वेळ सहसा येत नाही, पण रस्ता माहीत असला की काउंटरवर बोलताना आवाज बसत नाही.

सगळीच मागणी मात्र बरोबर नसते, ते पण सांगतो. ‘५० टक्क्यांपर्यंत’ लिहिलं असेल तर प्रत्येक मालावर ५० मिळत नाही. बँकेच्या कार्डचा कॅशबॅक बिलात येतच नाही, तो नंतर तुमच्या कार्डच्या खात्यात जमा होतो, तेव्हा दुकानदाराशी भांडून उपयोग नाही, फक्त किती दिवसांत येणार ते बिल करतानाच विचारून घ्या. आणि फायनान्सवर घेत असाल तर डीओ, म्हणजे माल द्या असं फायनान्सवाल्याचं दुकानाला येणारं पत्र, निघायच्या आधीच रक्कम तपासा, कारण एकदा कर्ज ११,००० चं पास झालं की हप्ता पण त्याच्यावरच बसतो आणि मग दुकान आणि फायनान्सवाला दोघांकडे चकरा मारत बसावं लागतं.

आमच्याकडचं बिल असेल तर चालू पत्रक काउंटरवर लावलेलं असतंच, बोट ठेवून विचारा. फरक निघाला तर फोनपे किंवा गुगल पेने दिलेले पैसे त्याच नंबरवर परत, रोख दिले असतील तर रोख, आणि क्रेडिट नोटची एक प्रत तुमच्या हातात.