फ्री बॉडी डायग्रामची तपासणी

अभियांत्रिकी यामिकीत पिंड आधारांपासून सुटा करून त्यावरील सर्व बाह्य बले दाखवणाऱ्या आकृतीला मुक्त पिंड आकृती म्हणतात. पुण्यातील महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी तिला एफबीडी म्हणूनच ओळखतात. समीकरणे सोडवून झाल्यावर ती आकृती आणि समीकरणे पुन्हा पडताळणे म्हणजे ही तपासणी. तीत दोन दोष शोधले जातात, राहून गेलेले बल आणि चुकीचे लंबांतर. आणि एकाला पकडणारी युक्ती दुसऱ्याला पकडत नाही.

लक्ष्मी रस्त्यावरील एखाद्या दुकानाच्या पाटीचे उदाहरण घेऊ. २ मीटर लांबीचा आडवा दांडा भिंतीला A येथे हिंजने जोडलेला आहे. त्याचे वजन १०० न्यूटन असून ते मध्यावर धरले आहे. A पासून १.५ मीटरवर ३०० न्यूटनची पाटी टांगली आहे आणि दुसऱ्या टोकापासून, म्हणजे B पासून, दांड्याशी ३० अंशांचा कोन करणारी तार वर भिंतीकडे गेली आहे. A भोवती मोमेंट, म्हणजे बल गुणिले लंबांतर, घेताना तारेचे लंबांतर दांड्याची लांबी नसून A पासून तारेच्या क्रियारेषेवर टाकलेला लंब, म्हणजे २ sin ३०° = १ मीटर असते. म्हणून ताण T × १ = १०० × १ + ३०० × १.५, अर्थात T = ५५० न्यूटन. उभ्या बलांच्या समीकरणावरून हिंजची उभी प्रतिक्रिया ४०० − २७५ = १२५ न्यूटन वरच्या दिशेने येते, आणि आडवी प्रतिक्रिया सुमारे ४७६ न्यूटन.

आता एखाद्याने लंबांतर २ मीटर धरले, तर ताण २७५ न्यूटन आणि उभी प्रतिक्रिया २६२.५ न्यूटन निघेल. या चुकीच्या उत्तराने उभ्या बलांचे समीकरण तंतोतंत जुळते, कारण प्रतिक्रिया त्याच समीकरणातून काढली आहे. म्हणून पडताळणी न वापरलेल्या बिंदूभोवती करावी. B भोवती ताणाचे मोमेंट शून्य असते आणि वजनांचे मोमेंट १०० × १ + ३०० × ०.५ = २५० होते; बरोबर उत्तरात १२५ × २ हेही २५० च येते, तर चुकीच्या उत्तरात ५२५, आणि दोष उघड होतो.

दांड्याचे वजनच राहिले असेल, तर मात्र ही पडताळणी फसते. ताण ४५० आणि उभी प्रतिक्रिया ७५ न्यूटन निघते. B भोवती ७५ × २ आणि ३०० × ०.५ दोन्ही १५० येतात. समीकरणे आकृतीत जे काढले आहे त्याचाच समतोल तपासतात, जे काढलेच नाही त्याचा नव्हे. त्यामुळे राहिलेले बल शोधायला पुन्हा आकृतीकडेच जावे लागते: दांड्याच्या कडेने पेन्सिल फिरवत जेथे जेथे दुसरी वस्तू तोडून वेगळी केली आहे तेथे तिचे बल आहे का ते पाहावे, आणि फेरी पूर्ण झाल्यावर वजनाची स्वतंत्र नोंद घ्यावी, कारण त्याला स्पर्शबिंदू नसतो आणि पेन्सिल त्याच्यापाशी थांबत नाही. याच फेरीत हिंजपाशी प्रतिक्रियेचे आडवा आणि उभा असे दोन्ही घटक आहेत का हेही कळते. रोलर असता तर पृष्ठभागाला लंब असे एकच बल पुरले असते.